बिबट्या, ऊस आणि मोबाइलच्या पडद्यावरचे कार्ड

मागील भागात शोधयंत्रातून येणाऱ्या वाचकाचा विचार झाला. तो वाचक प्रश्न घेऊन येतो. प्रस्तुत भागाचा विषय असलेला वाचक मात्र काहीही विचारत नाही. तो मोबाइल उघडतो आणि त्याने पूर्वी काय वाचले, कोणत्या विषयात रस दाखवला यांवरून यंत्रणेने निवडलेला मजकूर त्याच्यापुढे आपोआप मांडला जातो. अशा मांडणीला फीड म्हणतात. गुगलचे ‘डिस्कव्हर’ हे २०१८ पासून त्याच नावाने चालणारे फीड मराठी वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. त्यात प्रत्येक लेख एका कार्डाच्या रूपात दिसतो आणि त्या कार्डावर एक चित्र, एक शीर्षक, प्रकाशनाचे नाव आणि लेख किती जुना आहे याची नोंद, एवढेच असते. लेखकाने चार परिच्छेदांत काळजीपूर्वक मांडलेला संदर्भ त्या क्षणी वाचकापुढे नसतो. त्यामुळे कार्डाला एकट्यानेच खरे बोलता आले पाहिजे.

ही अट किती कठीण आहे, हे जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील बिबट्याविषयीच्या लेखनात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्याला वर्षातील बराच काळ उंच, दाट आडोसा मिळाला. पुणे-नाशिक महामार्गावरील कळंबसारख्या गावात बिबट्याची बातमी ही करमणूक नसून, रात्री शेताला पाणी द्यायला जावे की नाही, हे ठरवणारी माहिती असते. म्हणूनच या विषयावरील कार्ड फसवे निघाले तर होणारी हानी केवळ वाचकाच्या वेळेची नसते.

पहिली अडचण गावाच्या नावातच आहे. छापील दैनिकाच्या तालुका पानावर ‘कळंबला बिबट्या’ असे शीर्षक पुरेसे असते, कारण ते पान कोणत्या तालुक्याचे आहे हे वाचकाला ठाऊक असते. फीडमध्ये पान नसते. कळंब हे धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण आहे, यवतमाळ जिल्ह्यातही कळंब तालुका आहे आणि बिबट्यांविषयी वाचणाऱ्या कोणालाही, तो कुठेही राहत असला तरी, यंत्रणा हे कार्ड दाखवू शकते. ‘आंबेगावात बिबट्या’ हे शीर्षक तर पुणे शहराच्या कात्रज बाजूकडील आंबेगाव बुद्रुकच्या रहिवाशांना विनाकारण घाबरवते. ‘कळंब (ता. आंबेगाव)’ किंवा ‘मंचरजवळील कळंब’ एवढ्या दोन शब्दांनी हा दोष दूर होतो, परंतु ते दोन शब्द खाणारी घाई नेहमीची आहे.

दुसरी अडचण मराठी वाक्याच्या घडणीतून येते. कार्डावर जागा मर्यादित असते आणि शीर्षक लांबले की त्याचा शेवट कापला जाऊन तीन टिंबे उरतात. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ‘कळंबजवळ उसाच्या शेतात शेतकऱ्यावर हल्ला करणारा प्राणी बिबट्या नव्हता’ हे शीर्षक पूर्ण वाचले तर निर्धोक आहे. ‘नव्हता’ कापले गेले की ते नेमका उलटा अर्थ पोहोचवते. ‘…अशी अफवा’, ‘…असा दावा’ हे शेवटी येणारे शब्दही असेच गळतात. यावर उपाय एकच, की नकार, शंका आणि अफवेचा उल्लेख आरंभी आणावा: ‘बिबट्या नव्हे, तरस: कळंबजवळच्या हल्ल्यात वन विभागाने काय तपासले’. किती अक्षरांनंतर शीर्षक कापले जाईल याचा कायमचा आकडा नाही, कारण तो पडद्याच्या रुंदीवर आणि वाचकाने ठेवलेल्या अक्षराच्या आकारावर अवलंबून असतो. म्हणून पहिल्या सहा-सात शब्दांतच अर्थ उभा राहील अशी रचना करणे इष्ट.

आता कुतूहलाकडे वळता येईल. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभा असा की माणसाला काही ठाऊक असते आणि त्याला लागूनच असलेले काही ठाऊक नसल्याची जाणीव होते, तेव्हा त्या दोहोंमधील पोकळी त्याला अस्वस्थ करते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे ज्ञात भाग जितका ठोस, तितकी पोकळी तीव्र असते. ‘जुन्नरच्या बिबट्यांबाबत धक्कादायक सत्य उघड’ या शीर्षकात ठोस असे काहीच नाही. ते वाचकापासून विषयच लपवते. डिस्कव्हरच्या मार्गदर्शक सूचनांतही, मजकूर कशाविषयी आहे हे समजण्यास आवश्यक असलेली माहिती शीर्षकातून दडवणे किंवा तपशील फुगवणे टाळावे, असे स्पष्ट सांगितले आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण तपासून पाहता येते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर वन विभागातील नोंदींचा अभ्यास करून २०११ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळात तेथे बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात वस्तीच्या परिसरातून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून जंगलांत सोडण्यात आले आणि त्याच काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेल्या, पकडण्याच्या ताणातून गेलेल्या प्राण्याचे वर्तन बदलते, या दिशेने हा अभ्यास निर्देश करतो.

या विषयावरील लेखाला ‘बिबटे हलवल्याने जुन्नरमध्ये हल्ले चौपट’ असे शीर्षक दिले, तर ते लक्ष वेधेल. पण त्यात दोन दोष राहतात. काळाचा उल्लेख नसल्याने ती आजची बातमी वाटते, आणि अभ्यासाने दाखवलेला संबंध सिद्ध कारण म्हणून मांडला जातो. याउलट ‘जुन्नर, २००१-०३: बिबटे पकडून जंगलात सोडले, मग हल्ले का वाढले?’ या शीर्षकात स्थळ, काळ, कृती आणि हल्ल्यांतील वाढ या चारही गोष्टी उघड आहेत. राखून ठेवले आहे ते केवळ कारण, आणि कारण सांगणे हेच त्या लेखाचे काम आहे. घटना दडवून कारण सांगण्याचे आश्वासन देणारे शीर्षक आणि घटना सांगून कारणाकडे बोलावणारे शीर्षक, यांत प्रामाणिकपणाची सीमारेषा येथे पडते. अर्थात, लेखाच्या आरंभीच्या दोन-तीन परिच्छेदांत उत्तराला हात घातला गेला नाही, तर हे शीर्षकही फसवेच ठरेल.

चित्राचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डिस्कव्हरमध्ये मोठे चित्र दिसावे यासाठी ते किमान १२०० पिक्सेल रुंद असावे, त्याचे प्रमाण १६:९ असावे आणि पृष्ठाच्या शीर्षभागात पुढील सूचना असावी, असे अपेक्षित आहे:

```
<meta name="robots" content="max-image-preview:large">
```

पिक्सेल म्हणजे चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते तो एक ठिपका. १२०० रुंदीचे १६:९ चित्र ६७५ ठिपके उंच असते. गावातून येणारी छायाचित्रे बहुधा मोबाइल उभा धरून काढलेली असतात आणि व्हॉट्सॲपवरून येताना आकसतात. १२०० रुंद आणि १६०० उंच अशा उभ्या छायाचित्रातून १६:९ ची आडवी पट्टी कापली की उंचीचा निम्म्याहून अधिक भाग गळतो. काप यंत्रणेवर सोडला, तर उसाचे शेंडे राहतात आणि बांधावरचा पायाचा ठसा नाहीसा होतो. म्हणून मूळ छायाचित्र न आकसता मागवावे आणि आडवा काप संपादकाने स्वतः ठरवावा. लहान चित्र ताणून मोठे करण्याचा मार्ग निरुपयोगी आहे. आकडा पूर्ण होतो, तपशील परत येत नाही.

याहून गंभीर दोष दुसऱ्याच मुलखातील बिबट्या वापरण्याचा. राजस्थानातील जवाईच्या उघड्या खडकांवर बसलेल्या बिबट्याचे देखणे छायाचित्र कळंबच्या बातमीला लावले जाते आणि खाली ‘संग्रहित छायाचित्र’ अशी ओळ दिली जाते. छापील पानावर ही ओळ कर्तव्य पार पाडते. कार्डावर ती दिसतच नाही, त्यामुळे तिने दिलेली कबुली वाचकापर्यंत पोहोचत नाही. दात विचकणारा बिबट्या तर त्याहून अयोग्य, कारण वन विभागाने अडकवलेल्या आणि घाबरलेल्या प्राण्याचे ते रूप बहुतेक वेळा पिंजऱ्यात टिपलेले असते आणि ते शेतात फिरणाऱ्या प्राण्याचे म्हणून वाचले जाते. वर उल्लेखिलेल्या लेखाला उसाच्या कडेला लावलेला रिकामा पिंजरा हे चित्र सर्वांत सच्चे ठरते, कारण पकडण्याची कृती हाच लेखाचा विषय आहे. हे चित्र कमी प्रभावी असेल ही भीती निराधार आहे. पिंजऱ्याच्या गजांमागे उभा असलेला ऊस हे या मुलखाचे इतके नेमके दृश्य आहे की दुसरीकडचे म्हणून ते खपणार नाही.

खरे असूनही वापरू नये असेही एक चित्र आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राशी संबंधित पथके आणि वन विभाग ती पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, जेणेकरून मादी येऊन त्यांना घेऊन जाईल. पिल्लू छातीशी धरलेल्या माणसाचे छायाचित्र फीडमध्ये अतिशय लवकर पसरते आणि प्रत्येक पाहणाऱ्याला पिल्लू उचलण्याचा धडा देते, खरी सूचना मात्र हात न लावण्याची आणि वन विभागाला कळवण्याची असते. मादी पिल्लाला नेताना स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेले रात्रीचे करडे चित्र तांत्रिकदृष्ट्या कमी प्रतीचे असले, तरी घटनेचा खरा शेवट तेच दाखवते.

शीर्षक आणि चित्र यांनी दिलेले आश्वासन लेखाने पाळले की नाही, हे नंतर तपासता येते. गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात, पुरेशी कार्डे दाखवली गेली असतील तर, डिस्कव्हरचा स्वतंत्र अहवाल मिळतो. त्यात कार्ड किती वेळा दिसले आणि किती वेळा उघडले गेले हे कळते. उघडण्याचे प्रमाण इतर लेखांपेक्षा जास्त, पण वेगळ्या साधनाने मोजलेला, वाचक पानावर थांबण्याचा काळ मात्र बराच कमी, अशी जोडी आढळली तर कार्डाने लेखापेक्षा अधिक काही कबूल केले होते असे समजावे. फसलेल्या वाचकाला ‘या प्रकाशनाचे काही दाखवू नका’ असे कार्डावरूनच सांगता येते, आणि मग त्याच प्रकाशनाची खरी, निकडीची माहितीही त्याच्यापर्यंत या मार्गाने जात नाही.

उरतो प्रश्न काळाचा. फीडमधील कार्ड प्रकाशित झाल्या दिवशीच दिसेल असे नसते. ते दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिराही वर येते. ‘कळंब परिसरात आज रात्री बिबट्या, सावध राहा’ हे शीर्षक तिसऱ्या दिवशी दिसले तर ते खोटे झालेले असते, आणि त्यावर विसंबलेला शेतकरी एका रात्रीचे पाणी गमावतो. तातडीचा इशारा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर, ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावर आणि वन कर्मचाऱ्यांच्या फोनवर द्यावा. फीडसाठी लिहिताना ‘आज’, ‘काल’, ‘आता’ या शब्दांच्या जागी तारीख घालावी आणि पिंजरा हलवला गेला किंवा प्राणी दुसराच निघाला, तर मजकुरासोबत शीर्षकही त्याच दिवशी बदलावे.