तीन वर, एक वधू

गेल्या दिवाळीत भोर तालुक्यातल्या पालीला गेलो, तेव्हा वहिनींनी कोडे घातले. "भावोजी, १९८५ सालची दूरदर्शनवरची ती 'विक्रम और बेताल' आठवते ना? त्यातली तीन तरुण आणि एक मुलगी, ती मूळची कोणती गोष्ट?"

रामानंद सागरांच्या त्या मालिकेच्या मुळाशी सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या वेताळकथा आहेत. आणि पंचाईत ही, की त्यांत तीन वरांच्या गोष्टी दोन! पडद्यावर नावे बदलू शकतात. म्हणून मुलीचे काय होते, तेच विचारावे. सोमप्रभेला राक्षस पळवतो. एक वर ठिकाण सांगतो, दुसरा आकाशात उडणारा रथ देतो, तिसरा लढतो. आणि विक्रम लढणाऱ्याला पती ठरवतो. मंदारवती मात्र मरते. एक जण तिच्या राखेवर निजून स्मशानातच राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला उठवतो.

"राख होती, राख!" वहिनी म्हणाल्या.

म्हणजे मंदारवतीच. विक्रमाचा निवाडा असा: जीव देणारा तो बाप, अस्थी नेणारा पुत्र, आणि राखेपाशी राहिलेला पती.

वहिनींना तो मुळीच मान्य नाही. मंत्रासाठी वणवण केली त्याने, आणि पदरात काय, तर बापपण!