पोराच्या शिक्षणाची पॉलिसी की एसआयपी? आधी बघा, विमा कुणाच्या जिवाचा आहे

सातनाला, मत्तडीवागू आणि पैनगंगेच्या काठावर मच्छीचा पैसा हातात येतो तो मुख्यतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात बोटुकली सोडली की पुढचे काही महिने घरात आवक कमीच असते. नेमका सीझनचा पैसा आला की ओळखीचा एजंट दारात येऊन बसतो आणि म्हणतो, "भाऊ, लेकराच्या शिक्षणाचं बघा, दहा वर्षांनी एकरकमी पैसा, वरून विमा." दुसरीकडे शहरात शिकणारा भाचा सांगतो, एसआयपी लावा. दोघंही अर्धंच सांगतात.

पहिला प्रश्न आधी विचारा: या पॉलिसीत विमा कुणाच्या जिवाचा आहे? एलआयसीच्या मुलांच्या योजना घ्या, जीवन तरुण, न्यू चिल्ड्रन्स मनी बॅक किंवा 2024 साली आलेली अमृतबाल. या तिन्हींत विमा असतो लेकराच्या जिवाचा. पाण्यात उतरतो बाप, जाळं ओढतो बाप, घर चालतं बापाच्या कमाईवर, आणि विमा मात्र पोराचा! उद्या बापाचं काही बरंवाईट झालं तर पॉलिसी त्या दिवशी एक रुपयाही देत नाही. उलट पुढचे हप्ते आईने भरायचे असतात.

यावर उपाय आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. त्याला प्रीमियम वेव्हर बेनिफिट रायडर म्हणतात. थोडा जादा हप्ता भरला की हप्ता भरणारा माणूस गेल्यावर पुढचे हप्ते माफ होतात आणि पॉलिसी चालू राहते. हा रायडर आपोआप लागत नाही. घरात जुनी पॉलिसी असेल तर आजच बाँड काढा आणि त्यावर हा रायडर लिहिलेला आहे का ते बघा. एजंटने तोंडी सांगितलेलं इथे चालत नाही. काही खाजगी कंपन्यांच्या योजनांत विमा आईबापाच्या जिवाचा असतो आणि हप्तामाफी आतच असते, पण तिथेही बाँडवर विमाधारक कोण लिहिलाय ते वाचूनच सही करा.

दुसरी गोष्ट, पैसा कधी मिळतो. पोरगं आज आठ वर्षांचं असेल तर कॉलेजची फी अठराव्या वर्षी भरायची आहे. जीवन तरुणमध्ये हप्ते पोराच्या विसाव्या वर्षापर्यंत चालतात आणि पूर्ण पैसा पंचविसाव्या वर्षी मिळतो. चिल्ड्रन्स मनी बॅकमध्ये अठराव्या, विसाव्या आणि बाविसाव्या वर्षी वीस-वीस टक्के, बाकीचे पंचविसाव्याला. म्हणजे फीच्या वेळी हातात पाचवा हिस्सा. अमृतबालमध्ये अठरावं वर्ष निवडता येतं, त्यामुळे दहा वर्षांच्या हिशोबाला तीच जवळची.

अमृतबालमध्ये हजारी 80 रुपये दरवर्षी हमखास वाढ मिळते. ऐकणाऱ्याला वाटतं 8 टक्के व्याज. तसं नाही. ही वाढ विमा रकमेवर आहे, भरलेल्या पैशावर नाही, आणि त्यावर व्याजावर व्याज चढत नाही. 2 लाखांची पॉलिसी दहा वर्षांची घेतली तर वर्षाला 16 हजार, दहा वर्षांत 1 लाख 60 हजार, एकूण 3 लाख 60 हजार. आता एजंटने दिलेल्या कागदावरचा वार्षिक हप्ता बघा. सात वर्षं हप्ता भरायचा असेल आणि तो साधारण 34 हजारांच्या वर असेल, तर तुम्हाला वर्षाला 6 टक्केसुद्धा पडत नाहीत. हप्ता जितका त्याहून जास्त, तितका परतावा कमी.

आता एसआयपी. महिन्याला 3 हजार रुपये निफ्टी 50 च्या साध्या इंडेक्स फंडात दहा वर्षं टाकले तर खिशातून जातात 3 लाख 60 हजार. सरासरी 10 टक्क्यांनी वाढले तर होतात सुमारे 6 लाख 14 हजार, 7 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 5 लाख 19 हजार. यात हमी कसलीच नाही. 2020 च्या जानेवारी ते मार्चमध्ये, दोनच महिन्यांत निफ्टी एक तृतीयांशापेक्षा जास्त खाली आला होता. नेमकं फी भरायच्या वर्षी तसं झालं तर सहा लाखांचे चार लाख व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे सात वर्षं झाली की दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा फंडातून काढून बँकेच्या मुदत ठेवीत टाकत जायचं. शेवटी सहा लाखांऐवजी साडेपाच-पावणेसहा लाख मिळतील, पण फीच्या दिवशी ते जागेवर असतील.

आपल्या धंद्याला हप्त्याचा नियम महत्त्वाचा आहे. पॉलिसीचा वार्षिक हप्ता चुकला तर 30 दिवस सवलत, महिन्याचा असेल तर 15 दिवस, त्यानंतर पॉलिसी बंद पडते. पुन्हा चालू करता येते, पण व्याज भरून. एसआयपीत फंड कंपनी दंड लावत नाही, पण खात्यात पैसे नसतील तर बँक मात्र आकारणी करते, आणि सलग तीन महिने हप्ता गेला नाही तर एसआयपी रद्द होते. आधी जमा झालेलं मात्र तसंच वाढत राहतं. आमच्या मते ज्याची आवक सीझनवर आहे त्याने एसआयपी 1 हजाराचीच ठेवावी आणि सीझनमध्ये त्याच फंडात एकरकमी 20-25 हजार टाकावेत. वर्षाचा हिशोब तोच बसतो.

पण एसआयपीत बाप गेला तर? चौथ्या वर्षाअखेर जमा असतील दीड-पावणेदोन लाख, आणि पुढे टाकणारा कुणी नाही. म्हणून नुसती एसआयपी हा अर्धा उपाय. तिच्या जोडीला विमा वेगळा घ्या, आणि तो कमावत्या माणसाच्या जिवाचा. जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपयांत 2 लाख देतो, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी. त्यात नवीन नाव वयाच्या पन्नाशीपर्यंतच लागतं. सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख देतो. शिवाय मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी 5 लाखांचा अपघात विमा आहे, त्यात नाव आहे का ते मत्स्य विभागात विचारून घ्या. यापेक्षा मोठी रक्कम हवी तर टर्म इन्शुरन्स, पण तिथे कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि मच्छी रोखीत विकणाऱ्याची तिथेच अडचण होते. सोसायटीचा पैसा बँकेतून घेतला तर पासबुक तरी दाखवता येतं.

बँकेच्या दोन्ही विम्यांचे मिळून 456 रुपये मेच्या शेवटी खात्यातून कापले जातात. तेव्हा शिल्लक नसेल तर 1 जूनपासून विमा नाही. आणि बुडून मृत्यू झाला तर पोलिसांत नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट लागतो. घाईत अंत्यविधी उरकला तर अपघाताचा दावा अडकतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण घरच्यांना आधी माहीत असलेलं बरं.

एसआयपी पोराच्या नावाने काढू नका. पोरगं अठरा वर्षांचं झालं की नवं केवायसी आणि बँक खातं जोडेपर्यंत ते खातं गोठतं, आणि ॲडमिशनची घाईही तेव्हाच असते. आईच्या नावाने काढा, नॉमिनी लावा. बाप गेला तरी ते पैसे अडकत नाहीत.

या महिन्यात कुणी पॉलिसी घेऊन बसला असेल आणि वरचं वाचून पटत नसेल, तर बाँड हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. चार-पाच वर्षं हप्ते भरलेली जुनी पॉलिसी मात्र रागाने मोडू नका. आधी शाखेत जाऊन दोन आकडे लिहून घ्या: आज मोडली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती मिळतील.