शिर्डीचं एक कोडं: ओळखा पाहू!

दोघे भाऊ दगडाचे, एक बसे, दुजा फिरे,
मुठीमुठीने घास घेता, चहूबाजूंनी पांढरं झरे.
खाते किती, पोट रिते. दात झिजता घाव मागते!

पुष्कळजण चटकन ‘पाटा-वरवंटा’ म्हणतात. तिथेही दगड दोनच, पण वरवंटा मागेपुढे सरकतो, गोल फिरत नाही. शिवाय त्याला मुठीने घास कोण भरवतं? म्हणजे दुसरी ओळ जुळत नाही. कोड्याचं उत्तर सगळ्या ओळींना लागू पडलं पाहिजे.

उत्तर आहे जातं. खालची तळी स्थिर, वरची खुंट्याला धरून फिरवायची. वरच्या भोकात मुठीने धान्य टाकायचं, त्याला वैरण घालणं म्हणतात. कोड्यात ‘दळण’ किंवा ‘पीठ’ आलं असतं, तर लगेच फुटलं असतं; म्हणून ‘घास’ आणि ‘पांढरं’. शेवटची खूण मला सगळ्यात आवडते. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडंभरडं पडतं. मग छिन्नी-हातोडीने टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो. तोच ‘घाव’.

आता शिर्डीचा धागा. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पहिल्याच अध्यायात साईबाबा स्वतः गहू दळायला बसतात. चार बायका पुढे होऊन खुंटा हाती घेतात. बाबा ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला लावतात, कारण गावात महामारी आलेली असते. दाभोलकरांना चरित्र लिहायची प्रेरणा या प्रसंगातूनच मिळाली.

ते जातं द्वारकामाईत आजही आहे. दर्शनाला गेलात तर आवर्जून पाहा.