खर्च कमी झाला, पण पैसे वाचले का?

समजा, कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीने महिन्याला 10,000 नगांसाठी 6 लाखांचं अंदाजपत्रक केलं: नगामागे 40 रुपये बदलता खर्च आणि भाडं-पगारांचे स्थिर 2 लाख. प्रत्यक्षात 8,000 नगच निघाले आणि खर्च आला साडेपाच लाख. व्यवस्थापकाला 50 हजार वाचल्यासारखे वाटतील. पण लवचिक अंदाजपत्रक 8,000 नगांनुसार मांडलं, तर 3.2 लाख अधिक 2 लाख, म्हणजे 5.2 लाखच खर्च व्हायला हवा होता. तफावत 30 हजारांनी प्रतिकूल!

आता कारण शोधावं. स्वस्त भंगार घेतल्याने दराची तफावत अनुकूल दिसते, पण त्यामुळेच जास्त नग बाद झाले, तर मालाच्या वापराची तफावत प्रतिकूल होते. खरेदी विभागाला शाबासकी देण्यापूर्वी दोन्ही आकडे एकत्र वाचा.