कैरोला आणि रियाधला एकच वर्णन

ऑनलाइन विक्रीला ठेवलेली पाठीवरची सॅक घ्या. इंग्रजी वर्णन साधारण असं असतं: 'हीच घ्या! दोन प्रशस्त कप्पे, २५ लिटर जागा, लॅपटॉप सहज मावतो, पावसाचे शिंतोडे सोसते.' हाच मजकूर कैरो, रियाध आणि कासाब्लांका इथल्या ग्राहकांनी वाचायचा आहे.

पहिला प्रश्न सॅकला म्हणायचं काय? इजिप्तमध्ये आणि आखाती देशांत बोलताना बॅगेला सर्रास 'शंता' म्हणतात, पण लेखी प्रमाण अरबीतला शब्द 'हकीबा'. तो मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळ्यांनी शाळेत वाचलेला असतो. म्हणून शीर्षकात आणि वर्णनात 'हकीबा' येतो. मात्र ग्राहक शोधताना 'शंता' टाइप करतो, तेव्हा तो शब्द ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्यात भरतात. मोबाइलचंही तसंच: सौदीत 'जव्वाल', इजिप्तमध्ये 'मोबाइल', आणि सर्वांना चालणारा 'हातिफ'.

मग येतं ते 'घ्या'. मराठीत 'घे' म्हटलं की मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. अरबीत आज्ञार्थही वेगळा होतो: 'मागव' हे पुरुषाला 'उत्लुब', स्त्रीला 'उत्लुबी'. सॅक दोघंही घेणार, म्हणून जाणकार अनुवादक ग्राहकाला हुकूम सोडत नाही. सॅकलाच कर्ता करतो. 'हिच्यात लॅपटॉप मावतो' असं लिहिलं की वाचणारा कोण, हा प्रश्नच उरत नाही. इंग्रजीतला तो सलगीचा सूरही इथेच उतरतो. प्रमाण अरबी ही कुणाच्याच घरातली बोली नाही. तिच्यात थट्टा अवघडलेली वाटते आणि पुस्तकी शब्द वापरले तर मजकूर सरकारी परिपत्रकासारखा होतो. छोटी वाक्यं आणि रोजच्या वाचनातले शब्द, एवढ्यावर काम भागतं.

संख्या मात्र फसवतात. दोन कप्प्यांसाठी अरबीत द्विवचन आहे, त्यात '२' हा आकडा लिहावाच लागत नाही. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनी, तर २५ लिटरमध्ये पुन्हा एकवचनी. तक्त्यातून आकडा उचलून ठरावीक वाक्यात चिकटवला की व्याकरण मोडतं. त्यावर उपाय म्हणजे वाक्यच टाळून 'क्षमता (लिटर): २५' असं लिहिणं.

'शिंतोडे सोसते' याचं 'पाणी अजिबात आत जात नाही' असं होऊ देऊ नये. भिजलेल्या लॅपटॉपची तक्रार त्या एका शब्दावरून येते.

तटस्थ शब्दालाही मर्यादा आहे. जानेवारी हा कैरो-रियाधला 'यनायर', दमास्कस-बगदादला 'कानून अस्सानी', अल्जीरियात 'जानफी'. सवलतीची मुदत म्हणून आकड्यांत लिहितात. किंमत, चलन आणि माल परत घेण्याचे नियम तर प्रत्येक देशासाठी स्वतंत्रच भरावे लागतात.