मशीन गेली, पैसे आले, तरी विक्री मार्चची नाही

समजा, चाकणच्या एका कारखान्याने ठरलेल्या तारखेपेक्षा तीन आठवडे उशिरा, १ मार्चला, पॅकिंग मशीन ग्राहकाकडे धाडली. किंमत १ कोटी २० लाख. ९० टक्के पैसे जमा झाले आहेत, १० टक्के बाकी आहेत. १० मार्चला मशीन सुरूही झाली. आता ही विक्री मार्चअखेरच्या हिशेबात धरायची का?

पैसे आले म्हणून धरता येत नाही. भारतात २०१८ पासून लागू असलेले इंड एएस ११५ हे लेखामानक विचारते की मालाचा ताबा खऱ्या अर्थाने ग्राहकाकडे गेला का. त्याचे उत्तर स्वीकृतीच्या अटीत असते, म्हणून वित्त विभागातला माणूस आधी ते कलम शोधतो. इथे ते असे आहे: मशीन सुरू झाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर ती स्वीकारली असे समजावे. तक्रार आलेली नाही, म्हणजे २५ मार्चला विक्री पक्की. घाईत वाचणारा इथेच थांबतो आणि चुकतो.

कारण पर्चेस ऑर्डरच्या शेवटच्या पानावर ग्राहकाने लिहिले आहे की स्वीकृती फक्त सहीच्या प्रमाणपत्राने होईल. दोन कागदांत विरोध असेल तर कोणता खरा, हे सांगणारे एक छोटे कलम कराराच्या शेवटी असते. इथे ते पर्चेस ऑर्डरच्या बाजूने आहे. पैशांच्या अटीतही खूण सापडते: उरलेले १० टक्के प्रमाणपत्रानंतर ३० दिवसांनी द्यायचे आहेत. प्रमाणपत्र आले ९ एप्रिलला.

प्रमाणपत्र कधीकधी निव्वळ औपचारिकताही असते. ठरलेली प्रत्येक कसोटी कारखान्यातच पार पडल्याचे दाखवता आले, तर सहीसाठी थांबावे लागत नाही. इथे कसोटी ग्राहकाच्या स्वतःच्या प्लास्टिक फिल्मवर मिनिटाला ठरावीक पाकिटे भरण्याची आहे. ती चाकणमध्ये तपासता येत नाही. त्यामुळे मार्चअखेर आलेले १ कोटी ८ लाख हे उत्पन्न नव्हे, ग्राहकाचे देणे म्हणून ताळेबंदात राहतात.

दायित्वाच्या मर्यादेचे कलम मात्र वेगळ्या कारणासाठी वाचायचे. एकूण जबाबदारी कराराच्या किमतीइतकी, असे तिथे लिहिलेले असते. त्या आकड्याने विक्री कमी करायची नसते, ती फक्त कमाल सीमा आहे. विक्रीला कात्री लावतो तो उशिराचा दंड: आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच. तीन आठवड्यांचे १ लाख ८० हजार होतात. ग्राहक दंड माफ करील असा भक्कम आधार नसेल, तर विक्री १ कोटी १८ लाख २० हजारांचीच धरावी लागते. हा दंड त्या सीमेच्या आत मोजायचा की बाहेर, हेही तपासावे, कारण अपवादांच्या यादीत तो अनेकदा बाहेर ठेवलेला असतो.

हे सारे तक्त्यात उतरवताना प्रत्येक अटीसमोर कागदाचे नाव, कलम, पान आणि मूळ शब्द जसेच्या तसे लिहावेत. अट सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवू नये. ‘सर्व जोडपत्रे पाहिली, अट नाही’ आणि ‘जोडपत्र मिळालेले नाही’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, कारण दुसऱ्या नोंदीनंतर विक्री विभागाला फोन करून ते जोडपत्र मागवायचे असते.