मजले मोजून इमारतीची उंची कशी काढावी?

कोल्हापूरच्या बाजारात एखाद्या इमारतीची उंची विचारली, तर व्यापारी मजले मोजतो, दहाने गुणतो आणि तेवढे फूट सांगून मोकळा होतो. राहत्या घरांच्या इमारतीत हा हिशेब बराचसा जुळतो, पण खाली दुकाने आणि वर गोडाऊन असलेल्या इमारतीत हमखास चुकतो. अशा ठिकाणी गाठी वर चढवण्यासाठी दोर घ्यायचा असेल किंवा वरचा गाळा विकत घ्यायचा असेल, तर ही चूक महागात पडते.

पहिला घोटाळा मोजणीतच होतो. मराठीत तळमजला सोडून वरचा तो पहिला मजला. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे ‘चार मंजिला’ म्हणतो तेव्हा बहुधा तळाची मंजिलही त्यात धरतो. शब्द एकच, पण इमारतीत एका मजल्याचा फरक! म्हणून ‘तळमजला अधिक वर किती?’ असेच विचारावे.

दुसरी गोष्ट दहा फुटांची. हे दहा फूट म्हणजे खोलीतली मोकळी उंची नव्हे. एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंतचे हे अंतर आहे. खोलीत साडेनऊ फूट मोकळे असतील, तर स्लॅबचे पाच इंच आणि फरशी-गिलाव्याचा एखादा इंच मिळून दहा फूट होतात. खोलीत टेप लावून आलेला आकडाच मजल्यांनी गुणला, तर दर मजल्याला अर्धा फूट कमी पडतो. दुकानाच्या तळमजल्याला मात्र हे माप लागू नाही. माल ठेवायला पोटमाळा काढलेला असतो, त्यामुळे तिथे चौदा फूट सहज होतात. शिवाय पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते दीड-दोन फूट उचललेले असते.

आता एक हिशेब करू. समजा, गांधीनगरच्या कापडपेठेत तळमजला अधिक चार मजले अशी इमारत आहे. जोते २ फूट, तळमजला १४ फूट, वरचे चार मजले प्रत्येकी १० फूट म्हणजे ४० फूट. जमिनीपासून गच्चीपर्यंत एकूण ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर. ‘चार मजली’ ऐकून चार दाहे चाळीस करणारा १६ फुटांनी मागे पडतो.

गच्चीवर चार फूट उंच कप्पी लावली, तर ती जमिनीपासून ६० फुटांवर येते. खाली उभे राहून दोर ओढायचा, तर दोराची एक बाजू गाठीकडे आणि दुसरी हातात. म्हणजे १२० फूट, वर बांधायला आणि पकडायला दहा फूट धरून १३० फूट दोर हवा. चाळीस फुटांच्या अंदाजाने शंभर फूट आणला, तर गाठ जमिनीवर असताना दोराचे दुसरे टोक हाताला लागणारच नाही.

गाळा घेणाऱ्याने आणखी एक पाहावे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ धरली जाते आणि तिला आगीपासून बचावाच्या जादा अटी लागतात. १५ मीटर म्हणजे ४९ फुटांच्या थोडे वर. चाळीस फुटांची समजलेली आपली इमारत या रेषेच्या पलीकडे आहे. संहितेप्रमाणे सपाट छपराच्या इमारतीची उंची भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून गच्चीपर्यंत मोजतात, पाण्याच्या टाकीपर्यंत नव्हे. स्थानिक नियमावलीतली मर्यादा मात्र वेगळी असू शकते. तेव्हा मंजूर नकाशावर लिहिलेली उंचीच खरी मानावी.

नकाशा हाती नसेल तर जिना आहे. एका पायरीची उंची टेपने मोजावी आणि पाऊल किती वेळा वर उचलले ते मोजत गच्चीपर्यंत जावे. आपल्या उदाहरणात सहा इंची पायरी असेल, तर जोत्याला ४, तळमजल्याला २८ आणि वरच्या प्रत्येक मजल्याला २०, अशा ११२ पायऱ्या होतात. अर्ध्या फुटाने ५६ फूट आले. तळाच्या पायऱ्या वरच्यापेक्षा आठने जास्त भरल्या, की तळमजला उंच आहे हे टेप न लावताही कळते. उतारावरच्या इमारतीत मात्र पुढची आणि मागची उंची वेगळी निघते. तिथे दोर ज्या बाजूला सोडायचा, त्याच बाजूने मोजावे.

मुंबईतले ‘अँटिलिया’ २७ मजल्यांचे सांगतात. दहाने गुणले तर २७० फूट, पण त्याची उंची १७३ मीटर, म्हणजे सुमारे ५६८ फूट आहे. सरासरी एका मजल्याला एकवीस फूट पडले! तिथली दालनेच उंच छताची आहेत. अशा वास्तूपुढे मजल्यांचा हिशेब चालत नाही. बाहेरून पाहताना खिडक्यांच्या दोन ओळींमधले अंतर माणसाच्या उंचीच्या दुपटीहून बरेच जास्त दिसले, तर दहाचा पाढा तिथेच सोडून द्यावा.